ताईची व्हीलचेअर एआयच्या फोटोत दर वेळी बदलतेय, काय करू?

बोरकूट
नमस्कार मंडळी. ताईचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात पत्रिका छापायला द्यायची आहे आणि मी एका जागी येऊन अडकलेय. आम्ही कोल्हापूरचे. ताई ११ वर्षं व्हीलचेअर वापरते आणि होणारे दाजी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतात. पत्रिकेच्या पहिल्या पानावर दोघांचा जुन्या वाड्याच्या चौकातला फोटो हवा असं ताईच्या मनात आहे. खरा वाडा बघून आलो तर दिंडी दरवाजाला हातभर उंच उंबरा आणि आत पाच पायऱ्या, उचलून न्यायचं म्हटलं तर ताई साफ नको म्हणाली. म्हणून घराच्या गच्चीवर फोटो काढला आणि एका एआय टूलला सांगितलं की या दोघांना वाड्याच्या चौकात ठेव.

चेहरे बऱ्यापैकी जमतात. खुर्ची जमत नाही. ताईची खुर्ची लाल फ्रेमची, पाठ कमरेच्या थोडी वर येते तेवढीच, हात ठेवायला काही नाही, मागे ढकलायच्या मुठी नाहीत, मोठी चाकं वरून आत कललेली. एआयने पहिल्यांदा दिली ती हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधली निळ्या रेक्झिनची. दुसऱ्यांदा लाल दिली पण चाकाबाहेरची हाताने फिरवायची कडी गायब, म्हणजे ताई ती चालवणार कशी? तिसऱ्यांदा पुढचं छोटं चाक एकच आणि पाय ठेवायची पट्टी हवेत. दाजींचं यंत्र एकतर नाहीसं होतं नाहीतर त्याचा ब्लूटूथ इयरफोन होतो, एकदा तर त्यांची भिकबाळी आणि यंत्र वितळून एकच काहीतरी मोत्याचं बोंडुक झालं. चाळीसेक वेळा करून झालं असेल. ताई बघून एवढंच म्हणाली, "बाई माझ्यासारखी दिसतेय, पण कुणाच्या खुर्चीत बसलीय?"

कुणी केलंय का असं? काय सांगितलं म्हणजे त्याला कळेल?

लिंबूटिंबू
अभिनंदन ताईंचं! रुमाल टाकून ठेवतेय, मलाही हे शिकायचंय.

सदाफुली६२
माझ्या सासूबाईंसाठी घरात वापरायला व्हीलचेअर घ्यायची आहे, दरवाजा २६ इंचाचा आहे. कोणती घ्यावी? कमोडवाली मिळते का?

बोरकूट
काकू, हा धागा फोटोबद्दल आहे हो. पण एक सांगते, घ्यायच्या आधी खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी मोजा, हाताच्या कड्यांसकट. दुकानात सीटची रुंदी सांगतात आणि घरी आल्यावर दारात अडकते, आमचं पहिल्या खुर्चीला तेच झालं. आणि दाराच्या चौकटीचं नाही, दार उघडल्यावर जी मोकळी जागा उरते तिचं माप घ्या.

पिक्सेलपाटील
सोप्पं आहे. कंट्रोलनेट वापरा, त्यात ओपनपोज निवडा, तुमच्या फोटोतली पोझ तो जशीच्या तशी उचलतो. मी आमच्या क्रिकेट टीमचे पोस्टर असेच केले, एकाचाही हात चुकला नाही. सगळा प्रश्न पोझचाच असतो.

कातरकाम
पाटील, क्रिकेटसाठी बरोबर, इथे अर्धंच बरोबर. ओपनपोज माणसाचे सांधे ओळखतं. खांदा, कोपर, गुडघा, घोटा. त्याच्या यादीत चाक नाही, खुर्ची नाही, कान फक्त एक ठिपका. म्हणजे ताई बसलेल्या राहतील, पण कशावर बसल्यात ते मॉडेल स्वतःच्या मनाने ठरवणार आणि त्याच्या मनात व्हीलचेअर म्हटलं की हॉस्पिटलवालीच येते, कारण त्या नावाने नेटवर पडलेले बहुतेक फोटो तसलेच आहेत. खुर्चीसाठी कंट्रोलनेटमधलं जवळ-लांब ओळखणारं डेप्थ किंवा कडा ओळखणारं कॅनी घेतलं तर आकार पुष्कळ टिकतो. तरी बारीक गोष्टी जाणारच, आणि त्या का जातात ते कळलं की उपाय आपोआप कळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (जाहिरातींचे फोटो दुरुस्त करायचं काम १४ वर्षं करतोय.)

बोरकूट, समजा तुमचा फोटो १०२४ पिक्सेल उंच आहे आणि दाजी त्यात उभे आहेत, डोक्यापासून पायापर्यंत ८५० पिक्सेल. त्यांची उंची १७० सेंटिमीटर धरली तर एका सेंटिमीटरला ५ पिक्सेल आले. ताईंचं मागचं चाक २४ इंची असेल, म्हणजे ६१ सेंटिमीटर, ते झालं ३०५ पिक्सेल, ठीक, एवढं मोठं गोल त्याला जमतं. हाताची कडी दोनेक सेंटिमीटर जाड नळीची, १० पिक्सेल. चाकाची तार २ मिलिमीटर, म्हणजे १ पिक्सेल. कानामागचं यंत्र साडेतीन-चार सेंटिमीटर, १८-२० पिक्सेल, आणि त्याची नळी ३ मिलिमीटर, दीड पिक्सेल.

आता गंमत अशी की स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स थेट पिक्सेलवर काम करत नाहीत. ती चित्र आधी दाबून लहान करतात, ८ बाय ८ पिक्सेलच्या एका चौकटीचा एक ठिपका, आणि सगळं चित्र त्या ठिपक्यांत रचून मग परत फुगवतात. म्हणजे दाजींचं अख्खं यंत्र दोन-तीन चौकटीत आलं. नळी तर चौकटीचा पाव भागही नाही. ती त्याच्या हिशोबात जवळजवळ नाहीच, फुगवताना तो तिथे केस काढेल, बाळी काढेल, नाहीतर कातडी. चाकाच्या तारांचंही तेच. तुम्ही शब्दात कितीही नीट सांगा, जागाच नाही तर ठेवणार कुठे.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की खुर्ची आणि यंत्र एआयकडून काढून घ्यायचंच नाही. ते तुमच्या फोटोत खरं आहेच. एआयकडून फक्त वाडा घ्या.

पिक्सेलपाटील
अच्छा म्हणजे आपलं जुनं कापा-चिकटवा? मग एआय कशाला, स्टुडिओवाले पूर्वी काश्मीरचा पडदा लावायचे तसंच झालं की 😄

कातरकाम
बरंचसं तसंच. पडद्याच्या फोटोत माणूस चिकटवल्यासारखा दिसायचा, तेवढं घालवायचं आपल्या हातात आहे.

चाकावरची
मी स्वतः खुर्ची वापरते, १९९८ पासून. धागा वाचून बरं वाटलं कारण बहुतेक जण हे लक्षातच घेत नाहीत. फोटो तपासताना मी काय बघते ते सांगते, ज्यांना खुर्ची रोज दिसत नाही त्यांच्या नजरेतून हे सुटतं.

आधी मुठी. पाठीला ढकलायच्या मुठी दाखवल्या की चित्रातला माणूस स्वतः फिरणारा न राहता दुसऱ्याने फिरवायचा होतो, आणि एआयला त्या लावायची भारी हौस. मग पाठीची उंची, ती खांद्यापर्यंत चढवून ठेवतो. मग रुंदी. आपली खुर्ची मापाने शिवलेल्या ब्लाउजसारखी असते, मांडीच्या कडेला जेमतेम बोटं जातील एवढीच जागा, आणि चित्रात माणूस सोफ्यात रुतल्यासारखा दिसतो. मग पावलं: दोन्ही पट्टीवर टेकलेली आहेत का, आणि पट्टी फ्रेमला जोडलेली आहे का. पुढची छोटी चाकं दोन आहेत का.

आणि एक साडीचं. बोरकूट, ताई पत्रिकेत साडीत असतील ना? एआय पदर असा मोकळा सोडतो की तो चाकात गेलाय. आम्ही कुणीही असा पदर सोडणार नाही, तारांत गुंतला की मानेला झटका बसतो. पदर मांडीवर घेतलेला आणि निऱ्या बाजूच्या पत्र्याच्या आत दाबलेल्या, असंच बसतो. चित्र खोटं आहे हे मला तिथेच कळतं.

बोरकूट
बापरे, पदर! हो, तीन चित्रांत पदर चाकात आहे. ताईला दाखवलं तर म्हणाली मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तू खुर्चीच्या मागे लागली होतीस म्हणून बोलले नाही.

देशमुखवाडा
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. एआयमध्ये एवढी खटपट करताच आहात तर ताईंना सरळ उभंच दाखवा की दाजींच्या शेजारी. यंत्रही काढून टाका. पत्रिका शेकडो घरांत जाणार, लोक आधी तेच बघणार. शुभकार्याचा फोटो आहे.

चाकावरची
लोक लग्नाला आल्यावर काय बघणार मग?

देशमुखवाडा
तो मुद्दा आहे, मान्य. पण प्रत्येकालाच दाखवायचं असतं असं नाही. माझ्या वडिलांचा पाय साखरेने गेला, शेवटच्या वर्षी त्यांनी स्वतः सांगून दोन्ही पायांवर उभा असलेला फोटो करून घेतला. तोच हॉलमध्ये लावलाय. त्यांना कृत्रिम पायासकटचा लावलेला आवडला नसता.

चाकावरची
त्यांनी स्वतः सांगितलं ना. त्यावर मी काय बोलणार, त्यांचा फोटो. इथे ताईंनी खुर्ची मागितली आहे.

देशमुखवाडा
हं. तरी पत्रिकेच्या बाबतीत माझं मत आहे तेच आहे. असो.

अभंगवेडा
पायाचा विषय निघालाच तर माझा अनुभव. वडील ७१, डावा पाय गुडघ्याखाली नाही, जयपूर फूट लावतात. गुडघ्याने वारी झेपत नाही आता, म्हणून त्यांच्या वाढदिवसाला दिंडीत चालतानाचं चित्र करून द्यावं असं ठरवलं. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात टाळ.

पहिल्या चित्रात एआयने त्यांना धावपटूंचं ते वाकडं काळं पातं लावलं. दिंडीत! दुसऱ्यात चकचकीत स्टीलचा रोबोटसारखा पाय. मग मी लिहिलं की पाय कातडीच्या रंगाचा आहे, तर त्याने चांगला पोटरी फुगलेला, शिरा आलेला खरा पाय दिला. मधलं त्याला काही माहीतच नाही. जयपूर फूट तर मधलंच आहे. वरची नळी तपकिरी प्लॅस्टिकची, एकाच रंगाची, सरळसोट, शीर नाही की केस नाही. खाली रबराचं पाऊल, त्याला बोटं आहेत, अनवाणी चालता येतं, मांडी घालून पंगतीला बसता येतं. गुडघ्याच्या वर पट्टा. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. सेठींनी तो केला तेव्हा डोळ्यापुढे आपल्याकडची अनवाणी वावरणारी, उकिडवी बसणारी माणसंच होती. वारीच्या चित्रात तोच पाय हवा, दुसरा कुठलाही लावला तर ते चित्र वडिलांचं नाही.

आणि शेवटी एक बरं जमलेलं चित्र आलं तर त्यात पाय उजवा!

पुणेरीपगडी
माझे मामा सैन्यात होते, त्यांचा पाय पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरला केलेला. ते सेंटर १९४४ चं आहे. त्यांचा पाय वेगळा होता, आत दांडी आणि वरून फोमचं आवरण, त्यामुळे पॅन्टमध्ये अजिबात कळायचा नाही. सगळ्यांचा जयपूरच असतो असं नाही, एवढंच.

अभंगवेडा
बरोबर, म्हणूनच ज्याचा त्याचा फोटो लागतो.

कातरकाम
अभंगवेडा, डावा-उजवा दोन कारणांनी उलटतो. एक म्हणजे मॉडेलला बाजू कळत नाही, "डावा" लिहिलं तरी कुणाच्या डावीकडे हे त्याला ठरवता येत नाही. दुसरं कारण तुमच्याच फोटोत असू शकतं. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेली सेल्फी पुष्कळ फोन आरशासारखी उलटी साठवतात. ओळखायला सोपी खूण आहे, शर्टाच्या खिशावरची किंवा मागच्या पाटीवरची अक्षरं वाचता येतात का बघा. बायकांच्या फोटोत पदर बघा, आपल्या नेहमीच्या नेसण्यात तो डाव्या खांद्यावर असतो. उजव्यावर दिसला तर फोटो उलटा आहे.

ध्वनीकंपन
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कानाबद्दल लिहिते. कातरकाम यांनी बाजूचं सांगितलं त्याला जोडून: यंत्रांवर बाजूची खूण असते, उजव्याला लाल, डाव्याला निळा. बारीक ठिपका असतो, फोटोत दिसेलच असं नाही, पण साच्याचा रंगसुद्धा काही जण तसाच घेतात. चित्रात उजव्या कानात निळा साचा असेल तर काहीतरी उलटलंय.

बोरकूट, दाजींचं यंत्र कानामागचं, जाड नळी आणि कानात मापाचा साचा असं आहे की बारीक तारेचं? कारण दोन्ही वेगळे दिसतात. साच्यावाल्यात तीन गोष्टी सलग दिसल्या पाहिजेत. मागचं यंत्र, कानाच्या वरच्या घडीवरून येणारा आकडा, आणि तिथून पुढे खाली उतरून साच्यात शिरणारी नळी. साचा कानाची वाटी भरून असतो. एआयची चित्रं मी पाहिलीत त्यात नळी अर्ध्यात कुठेतरी कानाच्या पाळीत विरघळते, नाहीतर यंत्र कानाच्या पुढच्या बाजूला चिकटवलेलं असतं जिथे ते एक मिनिट टिकणार नाही. नळी बोटाने शोधत जा, यंत्रापासून साच्यापर्यंत कुठे तुटली की चित्र बाद.

कॉक्लियर इम्प्लांटवाल्यांचं तर अजून अवघड. त्यात कानामागच्या भागातून वायर जाऊन डोक्यावर एक गोल चकती बसते, आत चुंबक असतं त्याला धरून. एआयला ती चकती कशाची हे कळतच नाही, तो तिचं केसातलं फूल करतो, बटण करतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या आईने शाळेच्या कार्यक्रमासाठी चित्र केलं, त्यात चकतीचा गजरा झाला होता. मुलगी सात वर्षांची, तिने विचारलं माझं मशीन कुणी काढलं.

बोरकूट
साच्यावालं आहे, पारदर्शक साचा. उजव्या कानात भिकबाळी पण.

ध्वनीकंपन
मग उजवा कान फोटोत पुढे घेऊ नका, डावा घ्या. भिकबाळी वरच्या पाळीत, आकडा त्याच्या शेजारून जातो, एवढ्याशा जागेत दोन्ही आलं की गोंधळ होणारच. भिकबाळीचा हट्ट असेल तर त्या कानाचा वेगळा जवळून फोटो काढून ठेवा.

पिक्सेलपाटील
मी काल थोडं वाचलं. लोरा ट्रेन केला तर? ताईंच्या खुर्चीचे २०-२५ फोटो वेगवेगळ्या बाजूंनी काढायचे, मॉडेलला तीच खुर्ची शिकवायची, मग कुठल्याही सीनमध्ये तीच येईल.

कातरकाम
हे चुकीचं नाही. रंग, पाठीची उंची, मुठी नसणं, एवढं लोराने बऱ्यापैकी बसतं. मी एका कामात केलंय. पण तारांची संख्या, कडी चाकाला कुठे जोडलीय, पट्टीचा बोल्ट हे तरीही दर चित्रात थोडं हलतं, कारण ८ बाय ८ ची अडचण तशीच राहते. एकाच पत्रिकेसाठी मी नाही करणार. दहा-बारा चित्रं हवी असतील तर करेन.

पिक्सेलपाटील
मी करून बघणारच आहे 🙂 आमच्या सोसायटीतल्या एका काकांची तयारी आहे, त्यांची खुर्ची जुनी घडीची आहे. रिझल्ट टाकतो इथे.

कातरकाम
टाका नक्की. बोरकूट, आता तुमच्या पत्रिकेचं करू. गच्चीवरचा फोटो कुणी काढला, उभं राहून?

बोरकूट
हो, चुलतभावाने. तो सहा फुटी आहे.

कातरकाम
तिथेच पहिली अडचण. जमिनीवर सपाट जागेत कॅमेरा जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्या उंचीवर क्षितिजाची रेघ सगळ्या वस्तूंना छेदते. भावाचा फोन दीड मीटरवर असेल तर ती रेघ दाजींच्या खांद्याजवळून गेली आणि ताईंच्या डोक्यावरून. बसल्यावर ताईंचे डोळे साधारण १२० सेंटिमीटरवर असणार. आता एआयने वाडा दिला तो कमरेइतक्या उंचीवरून बघितल्यासारखा, तर खुर्ची पुढे घसरतेय असं वाटतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण डोळ्याला खटकतं. बाकीच्या फोटोंत हे खपून जातं कारण माणसाची पावलंच काय ती जमिनीला टेकतात. खुर्चीची चार चाकं चार जागी टेकतात, लपवायला जागा नाही.

फोटो परत काढा. सावलीत, उन्हात नको, सकाळी, उजेड एका बाजूने येईल असा. फोन जमिनीपासून बरोबर १ मीटरवर, स्टूलवर ठेवला तरी चालेल. चार मीटर लांब जा आणि दोनपट झूम करा, जवळून साध्या लेन्सने काढला तर पुढचं चाक फुगतं. आणि चाकांच्या मागे साधी पांढरी किंवा राखाडी चादर धरा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण कापताना तारांच्या मधल्या फटीतून गच्चीची भिंत दिसत राहते. आपोआप कापणारी टूल्स चाक म्हणजे भरीव ताट समजतात. वाडा मागे आला तरी चाकात गच्चीच उरते. चादर असली की तेवढा भाग निवडून काढणं सोपं.

वाड्यासाठी एआयला असं द्या:

```
empty courtyard of an old wada, basalt paving, level ground,
carved wooden pillars, camera at 1 m height,
soft morning light from the left
```

यात माणूस नाही, व्हीलचेअर नाही हे बघा. ते शब्द टाकलेत की तो स्वतःची खुर्ची आणून ठेवणार. आणि `no armrests` वगैरे पण लिहू नका कधी, नाही म्हटलेलं तो बरेचदा चित्रात आणूनच ठेवतो. उंचीचं तो दर वेळी ऐकत नाही, म्हणून वीसेक चित्रं काढा आणि निवडा. चौकात क्षितिज दिसत नाही, तर आत जाणाऱ्या रेघा लांबवा, फरशीच्या सांध्यांच्या, खांबांच्या तळाच्या, वरच्या वाशांच्या. त्या जिथे एकत्र येतील ती उंची म्हणजे क्षितिज. ते ताईंच्या छातीशी आणि दाजींच्या कमरेशी आलं पाहिजे.

मग कापलेले दोघं त्यावर ठेवा, गिम्प किंवा क्रिटासारख्या चित्रं जुळवायच्या प्रोग्राममध्ये, वेगळ्या लेयरवर. आता एआयचं दुसरं काम, फक्त सावली आणि कडा. तुमच्याकडे स्टेबल डिफ्यूजन असेल तर इनपेंटमध्ये, म्हणजे रंगवून निवडलेला भागच नव्याने करायच्या सोयीत, चाकांखालची जमीन आणि बाह्यरेषेची बारीक पट्टी एवढंच मास्क करा, आणि जुनं किती बदलायचं तो आकडा, `Denoising strength`, ०.२५-०.३ ठेवा. ते मुळात ०.७५ वर असतं, तेवढ्यावर चाक गेलंच समजा. आणि `Inpaint area` मध्ये `Only masked` निवडा, म्हणजे तेवढाच तुकडा मोठा करून त्यावर काम होतं.

शेवटी मूळ दोघांचा लेयर परत सगळ्यात वर ठेवा. हे विसरू नका. मास्कच्या बाहेरचंही चित्र दाबून परत फुगवताना किंचित बदलू शकतं, आणि किंचित म्हणजे नेमकी ती दीड पिक्सेलची नळी.

लिंबूटिंबू
हे प्रिंट काढून ठेवते.

चाकावरची
एक राहिलं. फरशी सपाट घेताय ना, का मध्ये तुळशीवृंदावनाची पायरी आहे? मागे एकाने माझा फोटो गडावर केला, मी बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांच्या मधोमध, ब्रेक न लावता. सगळे छान छान म्हणाले. मला बघवेना.

अभंगवेडा
मी कातरकाम यांचं वाचून वडिलांचं परत केलं. अंगणात चालताना फोटो काढला, मागे चादर, दिंडी वेगळी काढली. पाय जसाच्या तसा आला, पट्ट्यासकट. फक्त तो फारच स्वच्छ दिसतोय, बाकी सगळ्यांच्या पायांना धूळ आणि वडिलांचा पाय धुतल्यासारखा. एआयने धूळ टाकायला गेलो तर ०.३ वरसुद्धा बोटं वितळायला लागली.

कातरकाम
धूळ एआयने नको. वेगळा लेयर, तपकिरी रंग, मऊ ब्रश, पारदर्शकता १५-२० टक्के, हाताने. दोन्ही पायांना सारखी लावा, नाहीतर एकच पाय चाललाय असं दिसेल.

पिक्सेलपाटील
लोराचा रिझल्ट: २२ फोटो घेतले. काकांची खुर्ची ओळखू येते, घडीची कैची पण येते. दहातल्या सहा चित्रांत ब्रेकचा दांडा नाही. काकांनी दांडा आहे त्यातली दोन निवडली आणि खूश आहेत. म्हणजे माझं पण थोडं बरोबर होतं 🙂

ध्वनीकंपन
थोडं नाही, काका खूश आहेत म्हणजे बरोबरच.

बोरकूट
उशीर झाला, मंडळी. काल रात्री झालं.

पहिल्या प्रयत्नात मी स्टूल घेतलं पण झूम विसरले, पुढचं चाक भाकरीएवढं आलं. दुसऱ्यांदा ठीक. चादर आईने धरली, तिची बोटं चाकाच्या वरून दिसत होती ती पुसली. तारांच्या फटी हाताने साफ करायला अडीच तास गेले, दोन्ही चाकांना मिळून. वाड्याची २६ चित्रं काढली त्यातल्या दोनातच रेघा जुळल्या, एकात मध्ये पायरी होती, म्हणजे एकच उरलं. दाजींना डावीकडून घेतलं, साचा, नळी, आकडा तिन्ही दिसतात, मी बोटाने जाऊन बघितलं. भिकबाळी गेली मागे, सासूबाई जरा नाराज आहेत. त्यांना खरं तर यंत्र मागे आणि भिकबाळी पुढे हवी होती. दाजी म्हणाले राहू दे असंच. त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

सावलीला खूप त्रास झाला. मोठ्या चाकांची पटकन आली, छोट्या पुढच्या चाकांखाली येईचना, पाय ठेवायची पट्टी तरंगल्यासारखी वाटत होती. शेवटी त्या दोन चाकांखाली हाताने गडद ठिपके दिले आणि मग ०.२५ वर फिरवलं.

ताईला दाखवलं. तिने चेहरा बघितलाच नाही, आधी झूम करून उजवं छोटं चाक बघितलं. तिथे टायरला एक चीर आहे, गेल्या दिवाळीत महाद्वार रोडला खड्ड्यात गेलं होतं तेव्हाची. ती दिसतेय. मग म्हणाली, "ही माझी. आता पदराची पिन जरा काढता येते का बघ, चमकतेय."

कातरकाम
पिन काढणं दोन मिनिटांचं काम. फोटो बघायला आवडेल, ताईंची परवानगी असेल तरच.

बोरकूट
विचारते.

निळीछत्री
उशिरा वाचतेय. माझ्या भावाची बॅटरीवरची खुर्ची आहे, जॉयस्टिक डाव्या हाताला कारण उजवा हात चालत नाही. चादरीचं आणि कापायचं समजलं, पण तो दोन मिनिटांपेक्षा जास्त ताठ बसू शकत नाही आणि डोक्याचा आधार मागे असतो तो कापताना केसांबरोबर जातो. केस आणि काळा आधार एकाच रंगाचे. याला काय करायचं?

कातरकाम
डोक्यामागे पांढरा टॉवेल टाकून एक फोटो आणि न टाकता लगेच दुसरा, फोन अजिबात न हलवता. पहिल्यातून केसांची कड घ्यायची, दुसऱ्यातून आधार. दोन मिनिटांत बसेल का ते सांगा, नाहीतर वेगळा मार्ग शोधू.